पाठीवरची काठी

नरसिंग खिल्लारे हा माणूस विंचू चिमटीत धरून बाहेर टाकायचा, पण नवख्या गड्यासमोर लोखंडी दांडीला प्लेट चढवायची म्हटली की त्याच्या हाताला कंप सुटायचा. हिंगोलीत त्याला सगळे वस्ताद म्हणत. मी त्याच्या व्यायामशाळेत बरीच वर्षं घाम गाळला. खरं सांगायचं तर घाम कमीच गाळला, पोत्यावर बसून दुसऱ्यांना नावं ठेवली जास्त. म्हणून मला सगळं नीट आठवतं.

व्यायामशाळा म्हणजे जिनिंगच्या आवारातलं जुनं पत्र्याचं शेड. वस्ताद तिथंच पहारेकरी होता, म्हणून मालकानं ते वापरू दिलं होतं. कापसाच्या दिवसांत आत सगळीकडे कापसाचं तूस उडायचं आणि श्वास घेतला की नाकात जायचं. तरणा असताना वस्ताद हैदराबादला एका कारखान्यात होता. तिथल्या क्लबात त्यानं वजन उचलायचं शिकून घेतलं आणि परत येताना रेल्वेनं एक दांडी आणि बिडाच्या प्लेटा घेऊन आला. गावातल्या काही घरांतली पोरं त्याच्याकडे येत नसत. कारण जातीचं, ते सगळ्यांना माहीत होतं, पण कोणी बोलत नसे. जी येत, त्यांना तो दंड, बैठका, दोरी, सगळं मनापासून शिकवी. फक्त जमिनीवरून दांडी उचलायचा प्रकार, ज्याला तो हैदराबादी थाटात ‘डेडलिफ्ट’ म्हणायचा, तो शिकवायची वेळ आली की त्याचा चेहरा पडायचा.

त्याचं कारण शेडच्या दारातच स्टुलावर बसलेलं असे. ते कारण म्हणजे त्याचा धाकटा भाऊ पुंजाजी. हैदराबादहून आल्यावर वस्तादाला आपली विद्या गावाला दाखवायची हौस आली होती. दसऱ्याला चौकात माणसं जमवली, दांडी भरली आणि पुंजाजीला पुढं केलं. पुंजाजी बैलासारखा ताकदीचा, पण वाकायचं कसं हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. पाठ मधोमध गोल करून तो दांडीला भिडला. वस्ताद ओरडत होता, ‘उचल, उचल.’ दांडी गुडघ्यापर्यंत आली आणि पुंजाजीनं ती सोडून दिली. त्या दिवशी तो हसत घरी गेला. चार-सहा दिवसांनी डावा पाय बधिर व्हायला लागला. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं, मणक्यांमधली गादी सरकली, नस दबली. पुढं दुखणं कमी झालं, पण पाऊल काही उचललं गेलं नाही. तेव्हापासून पुंजाजी चालला की चप्पल जमिनीला घासायची, आणि तो आवाज आला की वस्ताद दुसरीकडे बघायचा.

पुंजाजी मात्र तोंडाचा तिखट आणि मनाचा मोकळा. त्याचं दुःख त्याच्यापेक्षा भावानंच जास्त वागवलं, असं माझं मत आहे.

एका वर्षी दिवाळी झाल्यावर ग्यानबा आला. मूळचा जवळा बाजारचा. बाप हमाल, आणि पोरगा हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजारात, हमाली करून मावशीकडे राहायचा. पाठीवर अख्खं पोतं घेऊन तो फळीवरून असा चढायचा की बघणाऱ्यालाच धाप लागावी. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की होळी झाल्यावर नांदेडला वजन उचलणाऱ्यांची निवड आहे. तिथल्या एका गिरणीला आपला संघ उभा करायचा होता, आणि ज्याचं नाव लागेल त्याला गिरणीत कायमची जागा मिळणार होती. ग्यानबाचा बाप तोवर काटकोनात वाकलेला होता. झोपतानाही त्याला सरळ होता येत नसे. ग्यानबाला एवढंच हवं होतं की आपण तसं व्हायचं नाही.

वस्तादानं त्याला नखशिखान्त बघितलं आणि नुसतं वाकून दाखव म्हणाला. ग्यानबानं बैठक मारली. वस्ताद म्हणाला, बैठक नको, वाक. त्यानं पुन्हा बैठकच मारली. गावच्या तालमीत लहानपणापासून बैठका घातलेल्या, त्यामुळं खाली जायचं म्हणजे गुडघे पुढं आणि बूड खाली, एवढंच त्याच्या अंगाला ठाऊक. गुडघे फार मोडू नकोस म्हटलं, तर त्यानं हमालासारखी पाठ गोल केली, जणू आता कोणीतरी मागून पोतं ठेवणार आहे. आणि तिथंच खरी गोम होती. हमाल पोतं जमिनीवरून उचलत नाही. दोघं जण उचलून त्याच्या पाठीवर देतात. हा एवढा दांडगा गडी, पण जमिनीवरची वस्तू आपली आपण कशी उचलायची, हे त्याला आयुष्यात कधी करावंच लागलं नव्हतं. आम्ही बसल्या जागी हसलो. वस्ताद हसला नाही.

त्यानं कोपऱ्यातली बांबूची काठी आणली आणि ग्यानबाच्या पाठीवर उभी धरली. काठी डोक्याच्या मागच्या बाजूला टेकली पाहिजे, दोन खवाट्यांच्या, म्हणजे खांद्याच्या फऱ्यांच्या, मधे टेकली पाहिजे, आणि खाली माकडहाडाच्या वरच्या हाडाला टेकली पाहिजे. वाकताना या तिन्ही जागा सुटायच्या नाहीत. ‘दार बिजागरीवर फिरतं, फळी मधी मोडत न्हाई,’ तो सांगायचा. ‘तुझी बिजागरी खुब्यात हाय. कमर फळी हाय.’ ग्यानबा वाकला की पाठ गोल व्हायची आणि खालचा टेका सुटायचा. समोर बघायला मान वर केली की टपली बसायची. नजर पुढच्या जमिनीवर, मान पाठीच्या ओळीत.

उभ्यानं जमेना, तेव्हा वस्तादानं त्याला गोणपाटाच्या घडीवर गुडघ्यांवर उभं केलं. गुडघे जमिनीलाच टेकलेले, त्यामुळं ते पुढं पळू शकत नव्हते. मग उरतो फक्त खुबा. बूड मागं टाचांकडे न्यायचं, छाती आपोआप पुढं झुकते, काठी जागेवर. तळहाताच्या कडा जांघेच्या घडीत रुतवायच्या आणि अंग तिथूनच मिटायचं. हे जमलं तेव्हा भिंतीपासून थोडं पुढं, भिंतीकडे पाठ करून उभं केलं. बुडानं भिंत शिवायची. शिवली की पाऊलभर पुढं सरकून पुन्हा शिवायची. गुडघे जरासे सैल, पण नडग्या उभ्याच्या उभ्या. ताण मांडीच्या मागच्या शिरांत आला तर ठीक, कमरेत आला तर चुकलं. तो दर वेळी विचारायचा, कुठं ओढ लागली? ग्यानबा प्रामाणिक, कमरेत लागली तर कमरेत सांगायचा.

तरी भिंत काढली की घोडं पुन्हा अडायचं. मग वस्ताद म्हणाला, दोन्ही हातात कडब्याच्या पेंढ्या हायेत आणि गोठ्याचं फाटक लोटायचंय, कशानं लोटशील? ग्यानबानं क्षणभर विचार केला आणि बूड मागं लोटलं. पण आता उत्साहात त्यानं कमर उलटी आत खोचली, मोरासारखा फुगून उभा राहिला. ती दुसरी चूक. वस्तादानं त्याच्या पोटावर हात ठेवला, श्वास पोटात भरायला लावला आणि बरगड्या खाली घ्यायला लावल्या.

एकदा वस्तादाची बायको रुक्माबाई अंगण झाडत होती. पाय उभे, बूड मागं, पाठ सपाट, एका हातात खराटा. पुंजाजी दारातून म्हणाला की अरे वहिनीकडे बघ, काठी नको अन् भिंत नको. रुक्माबाईनं वर न बघता सुनावलं की बघायचंच असेल तर खराटा घ्या आणि झाडा. ग्यानबानं खरंच खराटा घेतला. झाडता झाडता त्याच्या अंगाला ते कळलं. त्याच्या आईला त्यानं असंच सारवताना पाहिलं होतं, म्हणाला, पण ते आपल्याला शिकायचंय हे डोक्यातच आलं नव्हतं.

मग पुढची पायरी. वाळूची पिशवी छातीशी कवटाळून वाकायचं. मग तीच पिशवी दोन पावलांच्या मधे विटांवर ठेवून, तिच्या कोपऱ्यांचे कान धरून उचलायची. मग रिकामी दांडी, मांड्यांना घासत गुडघ्याखालपर्यंत न्यायची आणि परत आणायची. अंगापासून सुटली की पुन्हा पहिल्यापासून. मग तीच दांडी विटांच्या रचलेल्या थप्प्यांवरून उचलायची, आणि दर थोड्या दिवसांनी थरातली एक वीट कमी. संक्रांतीच्या सुमाराला विटा प्लेटच्या उंचीवर आल्या, म्हणजे प्लेटा लावलेली दांडी जमिनीवर असते तेवढ्या. ग्यानबा दांडीपाशी उभा राहायचा, दांडी पावलाच्या मध्यावर, बूड मागं, श्वास पोटात, बगला आवळलेल्या, आणि जमिनीला पायानं ढकलून उठायचा. वस्ताद काठी लावून बघायचा. काठी हलत नसे. एवढं सुरेख वाकणं मी त्या शेडमध्ये दुसऱ्या कोणाचं बघितलं नाही, आणि स्वतःचं तर नाहीच नाही.

आता प्लेटा लावायच्या, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्या प्लेटा एका पत्र्याच्या पेटीत होत्या, पेटीला कुलूप, आणि किल्ली वस्तादाच्या करगोट्याला. रोज ग्यानबा यायचा, रोज रिकामी दांडी उचलायचा आणि पेटीकडे बघायचा. वस्ताद कधी म्हणायचा थंडी आहे, अंग गरम नाही. कधी म्हणायचा डावा खुबा वर राहिला. डावा खुबा वर राहिलेला नव्हता. एके दिवशी तर त्यानं त्याला पुन्हा गोणपाटावर गुडघ्यांवर बसवलं. ज्याला जमत नाही त्याच्यासाठी मागची पायरी असते, हे आम्हाला त्यानंच शिकवलं होतं. जमलेल्याला मागं नेणं म्हणजे चालत्या लेकराला पुन्हा पाळण्यात बांधणं. मला राग आला आणि मी तो बोलूनही दाखवला. वस्तादानं मला शेडबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी मी निर्लज्जासारखा परत गेलो.

ग्यानबा नुसतं जी, म्हणाला आणि गुडघ्यांवर बसला. कधी कधी वाटतं, त्यानं भांडायला हवं होतं. पण हमालाच्या पोराला मुकादमाशी भांडायची सवय नसते, आणि वस्ताद तर त्याला बापाच्या ठिकाणी होता.

अखेर पुंजाजीच बोलला. होळी तोंडावर आली होती. तो स्टुलावरून उठला, चप्पल घासत पेटीपाशी आला आणि पेटीवर बसला.

‘दादा, काहून असं करून राहिला?’ तो म्हणाला. ‘माझं वाटोळं घाईनं झालं. ह्याचं तुझ्या भ्यानं व्हईन.’

वस्तादानं या वेळी नजर न फिरवता त्या घासणाऱ्या पायाकडे बघितलं. मग त्यानं किल्ली काढली. आम्ही दोघातिघांनी प्लेटा बाहेर काढल्या, गंज पुसला आणि दोन बाजूंना एकेक लहान प्लेट चढवली. फार नव्हतं ते, पिशवीहून थोडं जास्त. ग्यानबानं हाताला माती चोळली. त्याच्या चेहऱ्यावर असा उजेड होता की मला माझ्या टवाळीची लाज वाटली. तो दांडीवर वाकला, पाठ सपाट, सगळं जिथल्या तिथं. दांडी जमिनीवरून सुटणार एवढ्यात वस्तादानं पुढं होऊन तिच्यावर दोन्ही हात टेकले आणि ती दाबून धरली.

‘माझ्यानं बघवत न्हाई रे,’ तो म्हणाला. ‘माझ्यानं न्हाई व्हत.’

प्लेटा पुन्हा पेटीत गेल्या. पुंजाजी त्या दिवशी जेवला नाही.

नांदेडला ग्यानबा तरीही गेला. सोबत मी गेलो, कारण त्याला एसटीचं कळत नव्हतं असं मी म्हणतो. खरं म्हणजे मला राहवलं नाही. मोठा हॉल, टेबलामागं पंच, आणि जिकडंतिकडं माना फुगवलेले गडी. ग्यानबा पहिलं वजन घ्यायला आला तेव्हा एका पंचानं शेजारच्याला कोपरानं ढोसलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्याचं वाकणं तसंच होतं, देखणं. पहिलं वजन आलं. दुसरं सावकाश आलं, पण आलं. तिसऱ्याला दांडी हललीच नाही. हलणार कशी? आठवड्या-आठवड्यानं थोडं थोडं वजन चढवलेलं असतं, तर शिरांना आणि मुठींना त्याची ओळख झाली असती. नुसत्या पद्धतीनं वजन येत नाही. पाठीवरचं पोतं वेगळं, हातातलं लोखंड वेगळं.

त्याच्या आधीच्या गड्यानं तेच वजन पाठ मोडून, अंग झटकून कसंबसं वर नेलं होतं. ग्यानबाच्या अंगात तेवढा जोर होता, झटका मारला असता तर कदाचित तोही नेता. हॉलमधून लोक ओरडत होते, ‘उचल, उचल.’ मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ग्यानबानं दांडी सोडली होती आणि तो सरळ उभा होता. त्याची पाठ गोल झाली नव्हती. निवड झाली ती अंग झटकणाऱ्याची.

परत येताना वारंगा फाट्यावर गाडी थांबली. चहा घेताना मी वस्तादाला दोन शिव्या घातल्या. ग्यानबानं बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, ‘त्यायनं शिकिवलं तसंच केलं म्या.’ यात तक्रार होती की अभिमान, हे मला आजही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी तो मोंढ्यात पोतं वाहायला गेला. शेडकडे फिरकला नाही.

वस्तादानं निकाल विचारला तेव्हा मी सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. पाठ गोल केली नाही म्हटल्यावर त्यानं मान हलवली. मग कोपऱ्यातली काठी उचलली, पुसली आणि परत तिथंच ठेवली. त्यानंतर नवीन गडी आला की तो त्याला दोरी आणि दंड देई, पुढं काही नाही. हळूहळू येणारे कमी झाले. मी जायचो ते पुंजाजीशी गप्पा मारायला.

त्याच वर्षी श्रावणात वस्तादाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, शब्द अर्धे यायला लागले. एवढं थोरलं अंग आणि घरात उचलणारं कोणी नाही. रुक्माबाई चिमणीएवढी, पुंजाजीचा पाय असला, आणि मी एकदा प्रयत्न केला तर माझीच कमर धरली. कामापुरतं तरी वाकणं मी शिकून घ्यायला हवं होतं. अंथरुणात पडून त्याच्या पाठीला जखमा व्हायला लागल्या. डॉक्टर म्हणाला, दिवसातून दोनदा उठवून खुर्चीत बसवा, नाहीतर हा माणूस जखमांनीच जाईल.

पुंजाजी चप्पल घासत मोंढ्यात गेला. त्यानं ग्यानबाला काय सांगितलं ते ठाऊक नाही. संध्याकाळी ग्यानबा दारात उभा होता, खांद्यावर हमालीचं फडकं, अंगभर सरकीची धूळ. तो सहा महिन्यांतच थोडा पुढं झुकल्यासारखा दिसत होता. किंवा मला तसं वाटलं.

वस्ताद बुटक्या बाजेवर भिंतीला टेकवलेला होता. ग्यानबाला बघून त्यानं तोंड फिरवलं. ग्यानबानं आधी त्याला बाजेच्या कडेला ओढून घेतलं, त्याचे पाय जमिनीला टेकवले आणि अगदी जवळ उभा राहिला. मग बूड मागं नेलं, नडग्या उभ्या, पाठ सपाट, आणि दोन्ही हात वस्तादाच्या काखांतून घालून त्याला छातीशी घट्ट धरलं, वाळूच्या पिशवीसारखं. श्वास पोटात भरल्याचं मला स्पष्ट दिसलं.

तो उठायच्या आधी वस्तादाचा चांगला हात हलला. डावा हात ग्यानबाच्या पाठीवर गेला आणि सावकाश चाचपत राहिला. आधी मानेच्या मागं, मग दोन खवाट्यांच्या मधे, मग खाली कमरेच्या हाडापर्यंत. काठीच्या तिन्ही जागा. ग्यानबा तसाच वाकलेला थांबला, हात फिरून होईपर्यंत.

‘ब...राबर,’ वस्ताद म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मग पुन्हा ओठ जुळवले. ‘व...जन. लाव.’

ग्यानबानं जमीन पायानं ढकलली आणि त्याच्यासकट सरळ उभा राहिला.

‘लावलं की, वस्ताद,’ तो त्याच्या कानाशी म्हणाला. ‘लई उशीर केला तुमी.’

मग त्यानं त्याला खुर्चीत बसवलं, तसंच बूड मागं नेत, हळूच, दांडी खाली ठेवावी तसं. रुक्माबाईनं अंथरूण झटकलं. ग्यानबा फडकं खांद्यावर टाकून निघाला आणि सकाळी किती वाजता यायचं ते तिला विचारून गेला.